पक्के जर्नल बंद करा, कच्च्या वहीवर सही करा

विज्ञान शाखेच्या बहुतेक महाविद्यालयांत प्रॅक्टिकलसाठी दोन वह्या चालतात. एक रफ. तिच्यात ब्युरेटचे रीडिंग उभ्या उभ्या टिपले जाते. दुसरी फेअर, म्हणजे जर्नल. हेतू, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष अशा ठरलेल्या क्रमाने ती घरी बसून सुवाच्य अक्षरात लिहिली जाते. विभागप्रमुखांची सही आणि शिक्का या दुसऱ्या वहीवर पडतो, परीक्षेला बसायला तीच दाखवावी लागते. पहिली वही सत्र संपले की रद्दीत जाते.

आमचे म्हणणे असे आहे की हा व्यवहार उलटा करायला हवा. प्रयोग चालू असताना जिच्यात लिहिले गेले, त्या वहीलाच सर्टिफिकेट मिळावे आणि तिलाच गुण असावेत. फेअर जर्नल पूर्ण बंद करावे. त्याऐवजी विद्यार्थ्याने सत्रातून एक-दोनदा आपल्या वहीतून एखाद्या कामाचा नीट अहवाल लिहावा आणि त्या अहवालातला प्रत्येक आकडा वहीच्या कोणत्या पानावरून आला हे दाखवावे. चुका दुरुस्त कशा करायच्या, हे मात्र पहिल्या आठवड्यात शिकवावे लागेल. आज ते कुठेच शिकवले जात नाही.

फेअर जर्नलमुळे वेळ जातो ही तक्रार जुनी आहे. पण वेळ जाणे हा त्यातला लहान दोष. मोठा दोष असा की जर्नल नंतर लिहिले जाते, आणि नंतर लिहिताना उत्तर आधीच माहीत असते. मागच्या वर्षीचे जर्नल शेजारी उघडे असते, त्यात टायट्रेशनचे उत्तर असते, मग त्या उत्तरावरून उलटे गणित करून ब्युरेटचे रीडिंग तयार होते. अशा रीडिंगची खूण ओळखता येते. तिन्ही वेळा अगदी एकच आकडा येतो, दुसऱ्या दशांश स्थानी प्रत्येक वेळी शून्य असते, ब्युरेट दर वेळी ०.०० पासूनच सुरू होते, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंतच्या सगळ्या तारखा एकाच पेनाने, एकाच कलाने लिहिलेल्या असतात. हे तपासणाऱ्यांना दिसत नाही असे नाही. पण जर्नल ‘कम्प्लिट’ आहे का एवढाच प्रश्न त्यांच्यापुढे असतो.

आणि हे विद्यार्थी पुढे जातात कुठे? ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या, तळोज्याच्या, पाताळगंगेच्या कारखान्यांच्या क्वालिटी कंट्रोलमध्ये, नाहीतर पाणी आणि अन्न तपासणाऱ्या प्रयोगशाळांत. तिथे नियम नेमका उलटा आहे. मान्यताप्राप्त चाचणी प्रयोगशाळा ज्या मानकावर चालतात, त्या आयएसओ १७०२५ च्या २०१७ च्या आवृत्तीत ७.५ हे कलम तांत्रिक नोंदींबद्दल आहे. मूळ निरीक्षण आणि गणित ते करतानाच नोंदवावे; दुरुस्ती केली तर जुना आणि नवा असे दोन्ही आकडे राहावेत; दुरुस्ती कोणी केली, कधी केली आणि काय बदलले, हे कळावे, असे ते सांगते. औषध कंपन्यांत तर चिठ्ठीवर रीडिंग लिहून मग ते रजिस्टरमध्ये ‘फेअर’ करणे हाच गैरप्रकार मानला जातो. तीन वर्षे ज्या सवयीसाठी गुण दिले, ती मोडण्याचे काम पहिल्या नोकरीतल्या प्रशिक्षणावर येऊन पडते.

वही खरी ठेवली तर नेमके काय बदलते, हे एका कामावरून पाहू. ठाण्यात विषय शोधावा लागत नाही, तलाव दाराशी आहेत. मासुंदा तलावाच्या, म्हणजे तलावपाळीच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन किती, हा रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यांना साजेसा प्रश्न आहे. पद्धत विंकलरची. खाली दिलेले आकडे उदाहरणासाठी घेतले आहेत. तलावाबद्दलचा निष्कर्ष म्हणून कोणी ते वापरू नयेत.

पद्धत थोडक्यात अशी. ३०० मिलीची, काचेच्या घासलेल्या बुचाची बाटली पाण्याखाली धरून, बुडबुडा न राहता भरायची. काठावरच तिच्यात १ मिली मँगनीज सल्फेट आणि १ मिली अल्कली-आयोडाइड-अझाइड, पिपेटचे टोक पाण्यात बुडवून सोडायचे, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर तो पांढराच राहतो. मग १ मिली संहत सल्फ्युरिक ॲसिड घातले की साका विरघळतो आणि पाण्यात जितका ऑक्सिजन होता त्या प्रमाणात आयोडीन सुटते. त्यातले २०१ मिली घेऊन ०.०२५ नॉर्मल सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करायचे. रंग फिका पिवळा झाला की स्टार्च घालायचे आणि निळा रंग पहिल्यांदा जाईल तिथे थांबायचे. २०० ऐवजी २०१ मिली घेतात, कारण सुरुवातीच्या दोन रसायनांनी बाटलीतले २ मिली पाणी बाहेर ढकललेले असते. या मापात एक सोय आहे: थायोसल्फेट खरोखर ०.०२५ नॉर्मल असेल तर जितके मिली लागले तितकेच मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन. गणितच नाही. ही सोयच पुढे घात करते.

आता वहीचे पान. वही शिवलेली हवी, स्पायरल किंवा फाइल नको. तिच्यातले पान फाडले तर कळते. पहिल्याच दिवशी सगळ्या पानांना आकडे घालायचे आणि पुढची दोन पाने अनुक्रमणिकेसाठी सोडायची. पेन निळे किंवा काळे बॉलपेन. बऱ्याच जेल पेनांची आणि शाईची अक्षरे ॲसिडचा किंवा पाण्याचा एक थेंब पडला की जातात आणि प्रयोगशाळेत थेंब पडतोच. तारीख लिहिताना महिना अक्षरी लिहावा, कारण ६/७ हा सहा जुलै की सात जून, हे दोन वर्षांनी लिहिणाऱ्यालाही सांगता येत नाही. पान असे दिसेल:

पान २३. १४ डिसेंबर २०२४, शनिवार.
सकाळी ७:२०. मासुंदा तलाव, गडकरी रंगायतनच्या बाजूचा काठ. खोली अंदाजे ३० सेंमी. पाण्याचे तापमान २५.० अंश. आकाश निरभ्र.
७:२४. बाटली ३, ७, ११ भरल्या. दोन्ही रसायने प्रत्येकी १ मिली. साका तपकिरी.
७:२६. बाटली ११ मध्ये बूच लावल्यावर बुडबुडा दिसला, हरभऱ्याच्या दाण्याहून थोडा मोठा.
१०:०५. प्रयोगशाळा. ॲसिड घालून टायट्रेशन. थायोसल्फेट: कपाटातली बाटली, लेबल ०.०२५ नॉर्मल, तयार केल्याची तारीख लेबलवर नाही.
बाटली ३: ०.०० ते ५.३०.
बाटली ७: ५.३० ते १०.०७.
बाटली ११: १०.७० ते १६.५५.

या पानात काही गोष्टी फेअर जर्नलमध्ये कधीच आल्या नसत्या, आणि नेमक्या त्याच उपयोगाच्या आहेत. वेळ घ्या. तलावात शेवाळ असले की दिवसा प्रकाशात ते ऑक्सिजन सोडते आणि रात्रभर सगळे जीव तो वापरतात. त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो आणि दुपारी वाढलेला असतो. नुसती तारीख लिहिली तर सकाळी सातचा आणि दुपारी तीनचा नमुना एकाच रांगेत बसतील आणि फरक पाण्याच्या प्रदूषणाचा म्हणून खपेल. तापमानही तसेच. २५ अंशांना हवेशी समतोल साधलेल्या गोड्या पाण्यात सुमारे ८.३ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन मावतो, ३० अंशांना साधारण ७.६. तापमान नोंदवायचे राहिले असेल तर त्या जागी ‘मोजले नाही’ असे लिहावे. ‘२५ असेल’ असे घरी आठवून भरू नये.

सुरुवात आणि शेवट अशी दोन्ही रीडिंग लिहायची, नुसती वजाबाकी नाही. याचे कारण पानावरच दिसते. बाटली ७ चे शेवटचे रीडिंग १०.०७ लिहिले गेले आहे. वजाबाकी केली तर ४.७७ येते, शेजारच्या बाटलीपेक्षा अर्ध्या मिलीहूनही जास्त फरकाने कमी. पण दोन बाटल्यांच्या मधल्या वेळात ब्युरेट पुन्हा भरलेले नाही, आणि बाटली ११ सुरू झाली १०.७० वर. म्हणजे अंक उलटे पडले आहेत. इथे दुरुस्ती करता येते, कारण पुरावा त्याच पानावर आहे. ती अशी करायची: १०.०७ वर एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. शेजारी १०.७०. त्यापुढे कारण, ‘अंक उलटे लिहिले, पुढच्या बाटलीची सुरुवात पाहा’, आणि आद्याक्षरे, तारीख, वेळ. व्हाइटनर नाही, गिरवून ० चा ७ करणे नाही, पान फाडणे नाही.

गिरवणे हे व्हाइटनरपेक्षाही वाईट, कारण व्हाइटनर निदान दिसतो. गिरवलेल्या आकड्यात आधी काय होते ते कळत नाही आणि आता काय आहे तेही खात्रीने सांगता येत नाही.

समजा, ७ आणि ११ यांच्या मध्ये ब्युरेट पुन्हा शून्यावर भरले असते. मग १०.०७ हे १०.७० होते असे म्हणायला वहीत काहीच आधार उरला नसता. शेजारच्या बाटलीशी जुळत नाही, हा आधार होत नाही. त्या वेळी आकडा जसाच्या तसा ठेवायचा, शेजारी ‘शंकास्पद, अंक उलटे असण्याची शक्यता, पडताळता येत नाही’ असे लिहायचे आणि जमल्यास नवा नमुना घ्यायचा. प्रामाणिक दुरुस्ती आणि मनाजोगती दुरुस्ती यांतला फरक इथे आहे. पहिलीमागे त्या उत्तराशी संबंध नसलेला पुरावा असतो. दुसरीमागे फक्त उत्तर असते.

दुरुस्तीनंतर तीन बाटल्यांचे हिशेब असे झाले: ५.३०, ५.४० आणि ५.८५. तिसरी वेगळी पडते. ती वगळायची का?

याचे उत्तर ७:२६ च्या ओळीत आहे. ती ओळ टायट्रेशनच्या आधी अडीच तासांहून जास्त, उत्तर कोणालाच माहीत नसताना लिहिली गेली. हरभऱ्याच्या दाण्याहून मोठा बुडबुडा म्हणजे सुमारे अर्धा मिली हवा. तिचा एकपंचमांश ऑक्सिजन, म्हणजे ०.१ मिलीच्या आसपास, वजनाने साधारण ०.१४ मिलिग्रॅम. ३०० मिली पाण्यात तो मिसळला तर प्रति लिटर सुमारे ०.४५ मिलिग्रॅमची वाढ. बाटली ११ इतर दोघींच्या सरासरीहून ०.५० ने जास्त आहे. कारण आधी नोंदलेले आहे, वाढीची दिशा बरोबर आहे आणि मापही जुळते. ही बाटली सरासरीतून काढायला हरकत नाही. वहीतून मात्र नाही. तिच्यावर रेघ मारायची नाही, कारण ते रीडिंग चुकीचे लिहिलेले नव्हते. शेजारी ‘सरासरीत धरली नाही, कारण ७:२६ ची नोंद’ एवढे पुरते.

तीच ओळ नसती तर? दुपारी ५.८५ पाहिल्यावर ‘बहुतेक बुडबुडा असेल’ असे आठवणे अगदी सोपे आहे आणि बऱ्याचदा ते प्रामाणिकपणेच आठवते. पण ५.३० आणि ५.४० या बाटल्यांत बुडबुडा होता का, हे मग कोणी आठवायला जात नाही. म्हणून आधी लिहिलेले कारण नसेल तर तिन्ही बाटल्या धरायच्या.

हा प्रश्न मोठ्या नावांनाही चुकलेला नाही. रॉबर्ट मिलिकन यांनी १९१३ साली तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजल्याचा शोधनिबंध छापला. त्यात ५८ थेंबांचे आकडे होते, आणि सलग ६० दिवसांत तपासलेले सगळे थेंब यात आहेत असे विधान होते. पुढे अभ्यासकांनी त्यांच्या वह्या उघडल्या तेव्हा थेंब बरेच जास्त निघाले. काही नोंदींपुढे सुंदर आहे, छापावे, अशा अर्थाचे शेरेही सापडले. कोणते थेंब उपकरणातल्या अडचणीमुळे सोडले आणि कोणते उत्तर पाहून, यावर आजही वाद आहे. त्यांचे उत्तर खऱ्या मूल्याच्या जवळ होते, हेही तितकेच खरे. आमच्या मुद्द्यापुरते महत्त्वाचे एवढेच की हा वाद घालता येतो, कारण तारखा घातलेल्या वह्या शिल्लक आहेत. त्यांनी त्या फेअर करून मूळ प्रती फेकल्या असत्या तर ‘सगळे थेंब’ हे विधान कायम खरे राहिले असते.

तलावपाळीकडे परत. ५.३० आणि ५.४० ची सरासरी ५.३५. सार्वजनिक स्नानाच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांत विरघळलेला ऑक्सिजन ५ किंवा अधिक मिलिग्रॅम प्रति लिटर असावा लागतो. म्हणजे या एका निकषापुरते पाणी पास. फेअर जर्नलमध्ये इथे निष्कर्ष लिहून विषय संपला असता.

पण पानावर आणखी एक ओळ आहे: ‘तयार केल्याची तारीख लेबलवर नाही.’ थायोसल्फेटचे द्रावण टिकत नाही. हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने, प्रकाशाने आणि त्यात वाढणाऱ्या जीवाणूंनी त्याची ताकद हळूहळू उतरते. म्हणून ते उकळून गार केलेल्या पाण्यात बनवतात, किंचित अल्कली घालतात आणि तपकिरी बाटलीत ठेवतात. वापरण्यापूर्वी त्याच दिवशी पोटॅशियम डायक्रोमेटशी ते पडताळायला हवे होते. ते राहिले. समजा, १८ डिसेंबरला कोणाच्या तरी लक्षात आले आणि पडताळणी झाली. ०.०२५ नॉर्मल डायक्रोमेटच्या १०.० मिलीला थायोसल्फेट १०.० लागायला हवे होते. तिन्ही वेळा १०.८ च्या आसपास लागले. म्हणजे द्रावण ०.०२५ नव्हते, ०.०२५ × १० ÷ १०.८, म्हणजे ०.०२३१ होते. लागलेल्या मिलीला आता १० ÷ १०.८ ने, म्हणजे ०.९२६ ने गुणायला हवे. ५.३५ चे झाले ४.९५.

निकषाच्या वरचे पाणी निकषाच्या खाली आले. आणि बाटली ११ धरली तर? ती ५.८५ वरून ५.४२ होते, तिघींची सरासरी ५.११, पुन्हा पाचच्या वर. एक बाटली ठेवायची की वगळायची, यावर पास-नापास ठरते आहे. चार दिवसांनी, हे सगळे समोर असताना बुडबुडा ‘आठवला’ असता तर कोणी विश्वास ठेवावा? ७:२६ ला लिहिलेली ओळ तेवढी त्या निर्णयाला आधार देते.

ही दुसऱ्या जातीची दुरुस्ती आहे, आणि ती पहिलीसारखी करायची नसते. पान २३ वरचे ५.३० हे रीडिंग खोटे नाही. ब्युरेटने तेच दाखवले होते. चुकले ते त्यावरचे गणित. म्हणून पान २३ वर जाऊन आकडे खोडायचे नाहीत. १८ डिसेंबरच्या पानावर, समजा पान २७ वर, पडताळणीची तिन्ही रीडिंग लिहायची, नवी नॉर्मॅलिटी काढायची, आणि ‘पान २३ वरचे हिशेब लेबलवरची नॉर्मॅलिटी धरून केले होते, ते इथे पुन्हा केले’ असे लिहून नवे हिशेब मांडायचे. मग पान २३ च्या समासात फक्त ‘पान २७ पाहा’, आद्याक्षरे आणि आजची तारीख. १८ डिसेंबरला कळलेली गोष्ट १४ डिसेंबरच्या पानावर, १४ डिसेंबरला कळली होती अशा रीतीने लिहिणे, मग ती गोष्ट खरी का असेना, ही खोटी नोंद आहे. तारीख एवढेच सांगते की त्या दिवशी काय माहीत होते.

आणखी एक गोष्ट पान २७ वर यायला हवी. १४ तारखेला द्रावणाची ताकद नेमकी किती होती, हे कोणी मोजलेले नाही. चार दिवसांत ती फारशी बदलली नसावी असे धरले आहे. धरले आहे तर तसे लिहावे.

आता अहवाल. अहवाल वहीच्या क्रमाने लिहायचा नसतो आणि त्यात खाडाखोड दाखवायची गरज नसते. तो वाचणाऱ्यासाठी असतो, स्वच्छ असावा. पण या कामाच्या अहवालात चार वाक्ये आलीच पाहिजेत: तीन बाटल्या घेतल्या, एक बुडबुड्यामुळे सरासरीतून वगळली आणि तिचा आकडा ५.४२ होता, थायोसल्फेट नमुन्यानंतर चार दिवसांनी पडताळले, उरलेल्या दोन बाटल्यांत सुमारे ०.१ चा फरक आहे. ही वाक्ये लिहिली की निष्कर्ष आपोआप योग्य मापाचा होतो. ४.९५ आणि ५ यांतला फरक दोन बाटल्यांमधल्या फरकापेक्षा लहान आहे. त्यामुळे ‘पाणी निकषात बसत नाही’ असे म्हणता येत नाही आणि ‘बसते’ असेही नाही. एका सकाळच्या, एका जागेच्या नमुन्यात ऑक्सिजन ५ च्या आसपास होता आणि पुन्हा मोजायला हवे, एवढेच म्हणता येते. विद्यार्थ्याला असा निष्कर्ष लिहायला भीती वाटते, कारण जर्नलमध्ये निष्कर्षाच्या जागी एकच आकडा चौकटीत लिहायची सवय लागलेली असते. अशा निष्कर्षाला पूर्ण गुण मिळतात हे एकदा दिसले की ती भीती जाते.

प्रत्येक आकड्यामागे समासात वहीचे पान लिहिले तर अहवाल तपासणेही सोपे होते. परीक्षकाने कोणतेही दोन आकडे निवडावेत आणि विद्यार्थ्याला वहीत दाखवायला सांगावे. व्हायवाला याहून चांगला प्रश्न नाही. आणि अहवाल दिल्यानंतर चूक सापडली तर तो गुपचूप बदलून नवी प्रिंट ठेवायची नाही. नव्या प्रतीवर ‘सुधारित’ असे लिहून तारीख घालायची, काय बदलले ते एका परिच्छेदात सांगायचे, जुनी प्रत मागे जोडायची.

या बदलाला शिक्षकांचे आक्षेप असतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला वेळेचा. बॅचमध्ये वीस जण, तीन तास, त्यात प्रत्येकाची वही कधी पाहायची? पण पाहायचे फार नसते. प्रॅक्टिकल संपताना शेवटच्या ओळीखाली रेघ, उरलेल्या कोऱ्या जागेवर तिरपी रेघ, आणि सही, तारीख, वेळ. एका वहीला अर्धे मिनिट. त्या सहीचा अर्थ ‘उत्तर बरोबर आहे’ असा नाही. ‘एवढे आज, माझ्यासमोर लिहिलेले होते’ एवढाच आहे. शिक्षकांनीही तो तसाच घ्यावा, नाहीतर सही मिळवण्यासाठी आकडे सुधारले जातील. याउलट सत्राअखेर जर्नलांचे गठ्ठे तपासण्यात जे तास जातात, ते पूर्ण वाचतात.

दुसरा आक्षेप गुणांचा, आणि हा खरा कठीण आहे. प्रॅक्टिकल परीक्षेत टायट्रेशनचे उत्तर परीक्षकाच्या उत्तराच्या किती जवळ आले, यावर गुण कापले जातात. हात बसला आहे का हे तपासायला तिथे तसे करणे ठीक आहे. पण तीच फूटपट्टी वर्षभराच्या वहीला लावली, तर वहीही बरोबर उत्तराकडे वळवली जाणार. वहीचे गुण उत्तरावर नसावेतच. सुरुवात-शेवटचे रीडिंग आहे का, द्रावणाच्या पडताळणीची नोंद आहे का, दुरुस्तीला कारण आणि आद्याक्षरे आहेत का, वगळलेल्या रीडिंगचे कारण वगळण्याआधीचे आहे का, यावर असावेत. आमच्या मते, खाडाखोडीसाठी गुण कापण्याची प्रथा याच जूनपासून बंद व्हायला हवी. वर्षभराच्या वहीत एकही दुरुस्ती नसेल तर ती कौतुकाची बाब नाही. ती वही नंतर लिहिली गेली का, हे विचारायला हवे.

वही कागदाची नको, कॉम्प्युटरवर ठेवू, असेही सुचवले जाते. प्रत्येक बदलाचा माग आपोआप ठेवणारी सॉफ्टवेअर आहेत आणि मोठ्या कंपन्यांत तीच वापरली जातात. साधी एक्सेल शीट मात्र त्यांच्या जागी चालत नाही. तिच्यात १०.०७ च्या जागी १०.७० टाइप केले आणि सेव्ह केले, की जुना आकडा मागे काही न ठेवता जातो. गणितासाठी शीट वापरावी. रीडिंग आधी वहीत. आणि दिवसाअखेर पानाचा मोबाइलने फोटो काढून विभागाच्या फोल्डरमध्ये टाकावा. वही भिजली, हरवली तरी आधार राहतो, आणि मागाहून भरलेली ओळ फोटोत दिसत नाही. डिजिटल तराजूतून येणारी छोटी पावती वहीत चिकटवत असाल तर तिचीही झेरॉक्स चिकटवा आणि कागदाच्या कडेवरून दोन्हीकडे येईल अशी सही करा. त्या पावतीची अक्षरे उष्णतेने उमटलेली असतात आणि वर्ष-दीड वर्षात फिकी पडून कोरा कागद उरू शकतो.

आणखी एक व्यवस्था विभागाला बदलावी लागेल. आज सही झालेले जर्नल विद्यार्थ्याला परत मिळते आणि त्याच्याकडून पुढच्या बॅचकडे जाते. नकलेचा पुरवठा तिथूनच होतो. मूळ वही विभागाने कपाटात ठेवावी, विद्यार्थ्याला हवी तर झेरॉक्स द्यावी. पहिल्या पानावर बॅच, विषय आणि सुरुवात-शेवटच्या तारखा असल्या की ती वर्षांनंतरही सापडते. मग पुढच्या डिसेंबरमध्ये तलावपाळीवर बाटल्या घेऊन जाणाऱ्या गटाला मागच्या गटाची जागा, वेळ, खोली आणि कोणत्या थायोसल्फेटमुळे घोळ झाला होता तेही मिळेल. त्यांना त्यातून उत्तर उतरवता येणार नाही, कारण पाणी तेच नसेल. त्याच काठावर, त्याच वेळेला, तेवढ्याच खोलीवर पुन्हा मोजून तुलना मात्र करता येईल.